फायनल बिल घेऊन नातेवाइकांसमोर बसण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक बिलिंग काउंटरवर येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात ॲडमिशनच्या वेळी सांगितलेला पॅकेजचा आकडा असतो, आणि आपल्या हातातलं बिल त्याहून मोठं असतं. म्हणून त्यांना बोलावण्याआधी टेबलावर चार कागद हवेत: ब्रेकअपसह फायनल बिल, त्यांनी सही केलेलं इस्टिमेट, विमा कंपनीचं किंवा टीपीएचं फायनल अप्रूव्हल लेटर आणि पॉलिसीचं शेड्यूल. शेड्यूल बहुतेक जण काढतच नाहीत. मग रूमची मर्यादा किती आणि को-पे आहे का हे आपण आठवणीवर सांगतो, आणि तिथेच गडबड होते.

बिल आधी आपण स्वतः वाचायचं. ओटीसाठी काढलेलं पण न वापरलेलं सामान फार्मसीला परत गेलं असलं, तरी त्याचं क्रेडिट बिलात पडलेलं नसतं. नर्सिंग स्टेशनवरची रिटर्न स्लिप आणि बिल शेजारी ठेवून बघा. एकच तपासणी दोनदा पडली आहे का, रूम बदलली असेल तर त्या दिवशी दोन्ही रूमचं भाडं लागलं आहे का, हेही बघा. अशी एक चूक नातेवाइकांनी पकडली की पुढच्या बरोबर ओळींवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

समजा, पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीने ऑपरेशन झालंय. सिंगल रूमचं पॅकेज ७२,००० रुपये, दोन रात्रींचं. पेशंटला ताप आला म्हणून डॉक्टरांनी तिसरी रात्र ठेवून घेतलं आणि बिल झालं ९०,०००. इथे पहिली तयारी म्हणजे पॅकेज उलगडून ठेवणं. यात रूमचे ९,०००, सर्जनचे २४,०००, असिस्टंट आणि भूल मिळून ९,०००, ओटीचे १२,००० आणि औषधं व सामानाचे १८,००० आहेत. पॅकेजबाहेर तिसऱ्या रात्रीचे ४,५००, व्हिजिटचे १,५००, तपासण्यांचे ४,५०० आणि औषधांचे ३,५००. शिवाय किरकोळ सामानाचे ४,०००. पॅकेजबाहेरची प्रत्येक ओळ कोणत्या दिवशी आणि कशामुळे लागली हे केस पेपरवरून पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवा. ‘ताप आला म्हणून रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी परत केली’ एवढं वाक्य पुरतं. ‘पॅकेजमध्ये नाही’ एवढंच म्हटलं की पुढचा अर्धा तास वादात जातो.

किरकोळ सामानाच्या ४,००० रुपयांचे दोन ढीग करा. विमा नियामक आयआरडीएआयने पॉलिसीतून सहसा न मिळणाऱ्या ६८ वस्तूंची यादी दिलेली आहे. हातमोजे, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, डायपर, ॲबडॉमिनल बेल्ट त्यातच येतात. पॉलिसीला कन्झ्युमेबल्सचा रायडर नसेल तर हे पैसे घरच्यांना भरावे लागतात, तसं सरळ सांगायचं. दुसऱ्या ढिगात ज्या वस्तू रूमच्या किंवा ऑपरेशनच्या खर्चातच धरलेल्या मानल्या जातात त्या: टोप्या, शू कव्हर, पेशंटच्या हातातला पट्टा, फाइल उघडण्याचा चार्ज, सर्जिकल ब्लेड, गॉझ, कापूस. यातलं काही बिलात वेगळं लागलं असेल तर ते समजावण्याच्या भानगडीत पडू नका. आधी बिलिंग हेडकडे जाऊन ते काढता येतं का विचारा. आणि ‘रिकव्हरी किट’ अशी नुसती ओळ कधीच पुढे पाठवू नका. तपशील नसलेलं किट त्या ६८ वस्तूंच्या यादीतच आहे, त्यामुळे आतल्या मिळण्यासारख्या वस्तूंचे पैसेही कापले जातात. किट फोडून एकेक वस्तू लिहून द्या.

आता खरी अवघड ओळ. अप्रूव्हल लेटरवर तिला ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हटलेलं असतं. या पेशंटची पॉलिसी तीन लाखांची आणि रूमची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,०००. त्यांनी घेतली ४,५०० ची सिंगल रूम. मुलगा म्हणतो, “अहो मॅडम, फरक रोजचा दीड हजाराचाच होता, तीन रात्रींचे साडेचार हजार कापा ना.” त्याचं म्हणणं साहजिक आहे, पण कंपनीचा हिशोब तसा नसतो. रूमचा वर्ग वाढला की आपल्याकडे सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट यांचे दरही वाढतात. म्हणून ज्या प्रमाणात रूम मर्यादेत बसते, म्हणजे दोन तृतीयांश, त्याच प्रमाणात हे खर्चही मंजूर होतात. सर्जन, भूल, ओटी आणि व्हिजिट मिळून होतात ४६,५००. त्यातला तिसरा हिस्सा, १५,५००, कापला जातो. रूमचे ४,५०० धरले तर एका रूमच्या निवडीचे २०,०००.

ही गणितं कोऱ्या कागदावर त्यांच्यासमोर मांडा, कॉम्प्युटरकडे बोट दाखवू नका. त्याआधी कपात बरोबर आहे का हे मात्र तपासून ठेवा. औषधं, सामान, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही प्रमाणातली कात्री लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. आपल्या उदाहरणात औषधं आणि तपासण्यांचे २६,००० पूर्ण मिळायला हवेत. लेटरमध्ये त्यावरही तिसरा हिस्सा कापलेला दिसला तर नातेवाइकांना बोलावण्याआधी टीपीएला क्वेरी टाका. ज्या हॉस्पिटलात रूमनुसार दर बदलतच नाहीत तिथे ही कपात मुळातच लागत नाही.

सगळं जुळलं तर रूमचे ९,०००, प्रमाणातले ३१,००० आणि हे २६,००० मिळून ६६,००० मंजूर होतात. पॉलिसीत १० टक्के को-पे असल्याने त्यातले ६,६०० आणखी कमी होतात, कंपनी देते ५९,४००. किरकोळ सामानाचे ४,००० सगळे पहिल्या ढिगातले निघाले असं धरलं, तर घरच्यांच्या वाट्याला ३०,६००. डिपॉझिटचे २०,००० आधीच जमा आहेत, म्हणून आज भरायचे १०,६००. हा शेवटचा आकडा पहिल्यांदा सांगा आणि मग मागे जात समजवा. काळजीत असलेला माणूस आकडा कळल्याशिवाय बाकीचं ऐकतच नाही.

लेटरवर ‘नेटवर्क डिस्काउंट’ किंवा ‘एमओयू डिस्काउंट’ अशी ओळ असेल तर ती नातेवाइकांच्या खात्यावर टाकायची नाही. ती हॉस्पिटलने कंपनीला दिलेली सूट आहे. मंजूर रक्कम बिलातून वजा करून राहिलेलं सगळं पेशंटकडून मागितलं की ही सूटही नकळत त्यांच्याकडूनच वसूल होते. नवीन मुलांकडून हे हमखास होतं.

उशिराचं उत्तरही तयार असू द्या. २०२४ च्या नियमांनुसार डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने फायनल अप्रूव्हल द्यायचं असतं, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे वाढलेला हॉस्पिटलचा खर्च कंपनीने सोसायचा असतो. त्यामुळे आपण फाइल किती वाजता पाठवली ती वेळ लिहून ठेवा. कंपनीच्या उशिरामुळे रूमचा आणखी दिवस लागला असेल तर तो पेशंटच्या नावावर जाऊ देऊ नका.

पैसे भरून झाल्यावर पावती, ब्रेकअप, अप्रूव्हल लेटर आणि डिस्चार्ज समरीच्या प्रती एकत्र द्या. पित्ताशयाच्या बायोप्सीचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो कुठून घ्यायचा हे सांगा, आणि त्यानंतरच्या फॉलोअपची फी व औषधांची मूळ बिलं पॉलिसीत दिलेल्या मुदतीत वेगळ्या रीइम्बर्समेंटसाठी लावता येतात, हे त्याच पाकिटावर पेनाने लिहून द्या.