स्टॅबिलायझर असूनही टीव्ही का जळला?

गेल्या पावसाळ्यात इंदूरमध्ये रामबागेतील आमच्या घराजवळ वीज कडाडली आणि स्टॅबिलायझरवर असलेला टीव्ही बंद पडला. कारागिराने तो उघडला तेव्हा पॉवर सप्लायच्या बोर्डावरील फ्यूजची काच आतून काळी झाली होती, आणि शेजारची चपट्या गोळीसारखी निळी चकती, म्हणजे व्हॅरिस्टर, तडकलेली होती. ही सर्जची, म्हणजे अचानक आलेल्या उच्च दाबाची खूण आहे. असा झटका मायक्रोसेकंदांत येऊन जातो, तर स्टॅबिलायझरच्या रिलेला हलायलाच काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे येथे सर्ज प्रोटेक्टरच हवा. त्यातही व्हॅरिस्टरच असतो आणि झटके सोसत तो झिजतो, म्हणून संरक्षण दर्शवणारा दिवा विझला की प्रोटेक्टरची पट्टी बदलावी, जरी तिच्यातून वीज येत असली तरी. घराचे अर्थिंग नीट नसेल, तर तिचा उपयोग अर्धवटच होतो.

फ्रिजचे दुखणे वेगळे असते. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब १७० व्होल्टपर्यंत उतरला, की जुन्या पद्धतीचा कंप्रेसर नुसता घुमतो, ‘टक्’ आवाज करून थांबतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच करतो; येथे स्टॅबिलायझर खरोखर उपयोगी पडतो.

मात्र घरातील काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. तेव्हा कोणत्याही उपकरणावर विसंबू नये, मेन स्विच ताबडतोब बंद करून वायरमनला बोलवावे.