सेइससिएन्तोस की सेतेसिएन्तोस?

मेक्सिकोतल्या वाहाका शहरापासून तीसेक किलोमीटरवर त्लाकोलुला हे गाव आहे. तिथे दर रविवारी मोठा बाजार भरतो. स्पॅनिश शिकायला लागून मला वर्ष झालं होतं, पण घासाघीस करायची पहिली वेळ तिथेच आली. मला रेबोसो हवा होता, म्हणजे तिकडच्या बायका खांद्यावर घेतात ती लांब विणलेली शाल.

"कुआन्तो कुएस्ता?" केवढ्याला? बाई म्हणाल्या, "कुआत्रोसिएन्तोस", 400 पेसो. इथे 'महाग आहे' म्हणू नका. समोर हाताने विणलेला माल असतो आणि विणणारी बहुधा घरातलीच असते. त्यापेक्षा आधी शाल हातात घेऊन कौतुक करा आणि मग विचारा, "एन कुआन्तो मे लो देहा?" कितीला द्याल? 'देहा' हे आदरार्थी रूप आहे. मित्राशी बोलतो तसं 'देहास' म्हटलंत, तर अनोळखी बाईंना 'अगं' म्हटल्यासारखं होतं.

त्या 370 वर आल्या. मी म्हटलं, "ले पारेसे त्रेसिएन्तोस त्रेइन्ता?" 330 चालतील? "नो मे साले," त्या म्हणाल्या. मला परवडत नाही. हे शब्द आले की तो आकडा सोडून द्यायचा. पुन्हा तोच भाव रेटणं तिथे वाईट दिसतं. मी आकड्याऐवजी नग वाढवला: "ई सी मे येवो दोस?" दोन घेतल्या तर?

त्यांनी सांगितलेला आकडा मी 'सेइससिएन्तोस' असा ऐकला आणि 600 मोजून दिले. बाई हात तसाच पुढे धरून थांबल्या. त्या 'सेतेसिएन्तोस' म्हणाल्या होत्या, 700. घाईत ऐकताना 60 आणि 70 मध्येही, सेसेन्ता-सेतेन्तामध्ये, हीच गफलत होते. खरं तर मला कळायला हवं होतं: एका शालीला 330 नको म्हणणारी बाई दोन शाली तीनशेच्या भावाने कशी देईल?

तेव्हापासून मी पैसे काढण्याआधी आकडा प्रश्नासारखा परत म्हणते: "सेतेसिएन्तोस लोस दोस?" शंका राहिली तर फोनवर टाइप करून दाखवते. आपल्या कानाची एक जास्तीची अडचण असते. आपण 'पस्तीस' म्हणताना पाच आधी म्हणतो, ते 'त्रेइन्ता ई सिन्को' म्हणतात, तीस आणि पाच. म्हणून मी सराव 21 ते 99 उलटसुलट ऐकून केला, क्रमाने पाठ करून नाही.

आणखी एक: तुम्ही सांगितलेला भाव विक्रेत्याने मान्य केला, तर वस्तू घ्यावीच लागते. घ्यायचं नसेल तर आकडा बोलूच नका. "ग्रासियास, वोय आ दार उना वुएल्ता" म्हणा, म्हणजे जरा फेरी मारून येते. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

मी उरलेले 100 दिले. बाईंनी त्या नोटांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. त्यांच्या दिवसाची ती भवानी होती.