फोटोतला वक्र: आधी बिंदू तपासा, मग विकलन करा

पुस्तकाच्या पानाच्या फोटोवरून वक्राच्या एका बिंदूवरच्या स्पर्शिकेचा चढ काढायचा असेल, तर लक्षात ठेवा: फोटोत सहज पुसट होतो तो घातांक. म्हणून विकलनाआधी खूण केलेला बिंदू समीकरणात घालून पाहा. समजा, वक्र x² + xy + y² = 7 आणि बिंदू (1, 2) आहे. 1 + 2 + 4 = 7, म्हणजे वाचन जुळतं. y² चा y³ वाचला असता तर 11 आले असते आणि चूक तिथेच कळली असती.

आता दोन्ही बाजूंचं x च्या संदर्भात विकलन करा. xy ला गुणाकाराचा नियम लागतो, त्यातून y + xy′ अशी दोन पदं येतात. बहुतेकांचं एक पद इथेच गळतं.

2x + y + xy′ + 2yy′ = 0

y′ सुटा करत बसू नका, किमती लगेच घाला: 4 + 5y′ = 0, म्हणून स्पर्शिकेचा चढ −4/5. y′ चा सहगुणक शून्य आला आणि उरलेली संख्या शून्य नसेल, तर स्पर्शिका उभी असते.