सिरीज आरएलसी सर्किटचा फेजर डायग्राम कसा काढायचा आणि त्यातून इम्पीडन्स, फेज अँगल कसा काढायचा

रेझिस्टर, कॉइल आणि कॅपॅसिटर तिन्ही एकामागोमाग जोडलेत आणि एसी सप्लाय 100 व्होल्टचा आहे. आता प्रत्येकावर मीटर लावला तर रेझिस्टरवर 79, कॉइलवर 124 आणि कॅपॅसिटरवर 63 व्होल्ट दिसतात. बेरीज 266, आणि एकट्या कॉइलवरच सप्लायपेक्षा जास्त! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं मीटर बिघडला, पण तो बरोबरच आहे, फक्त हे तीन व्होल्टेज एकाच वेळी शिखरावर पोचत नाहीत आणि मीटर ती वेळ दाखवत नाही, नुसता आकडा दाखवतो. वेळेचा तो फरक कागदावर दिसावा म्हणून फेजर डायग्राम काढायचा. हेच सर्किट घेऊन सगळं करूया: R = 40 Ω, L = 0.2 H, C = 100 µF, फ्रिक्वेन्सी 50 Hz.

आधी रिअॅक्टन्स काढा

कॉइल आणि कॅपॅसिटर एसीला किती अडवतात ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं, म्हणून सुरुवात इथूनच.

```
XL = 2πfL = 2 × 3.1416 × 50 × 0.2 = 62.8 Ω
XC = 1/(2πfC) = 1/(2 × 3.1416 × 50 × 0.0001) = 31.8 Ω
```

इथे सगळ्यात जास्त चुका मायक्रोफॅरडमुळे होतात. 100 µF म्हणजे 0.0001 फॅरड, एक शून्य इकडचं तिकडे झालं की XC थेट दहापट चुकतो आणि पुढचं सगळं गणित नीट करूनही उत्तर चुकीचंच येतं, त्यामुळे हा आकडा दोनदा तपासा.

करंटची रेघ आडवी मारा

सिरीजमध्ये तिघांतून करंट एकच वाहतो, व्होल्टेज मात्र तिघांचं वेगवेगळं. म्हणून जे सगळ्यांना कॉमन आहे त्याचीच रेफरन्स रेघ घ्यायची, म्हणजे करंट, डावीकडून उजवीकडे आडवा बाण. बरेच जण सवयीने सप्लाय व्होल्टेज आडवं घेतात आणि मग अडकतात, कारण त्याचा कोन तर आपल्याला अजून माहीतच नाही, तोच तर शोधायचाय.

आता तीन बाण. रेझिस्टरमध्ये व्होल्टेज आणि करंट बरोबरच चढतात-उतरतात, म्हणून VR करंटच्याच रेघेवर, उजवीकडे. कॉइल करंटच्या बदलाला विरोध करते, करंट सगळ्यात झपाट्याने बदलतो तो शून्यातून जाताना, आणि नेमकं तेव्हाच कॉइलवरचं व्होल्टेज जास्तीत जास्त असतं, म्हणजे ते करंटच्या पाव सायकल पुढे. फेजर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात असं मानतात, म्हणून पुढे म्हणजे वर: VL सरळ वर 90 अंशात. कॅपॅसिटरचं उलट, त्यात आधी करंट जाऊन चार्ज साठावा लागतो तेव्हा कुठे व्होल्टेज वाढतं, म्हणून ते पाव सायकल मागे: VC सरळ खाली.

VL वर आणि VC खाली, म्हणजे दोघं एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध. म्हणूनच कॉइलवर 124 व्होल्ट असले तरी त्यातले 63 कॅपॅसिटर खाऊन टाकतो आणि उरतात फक्त 61.

त्रिकोणातून इम्पीडन्स

करंट सगळीकडे सारखा असल्याने प्रत्येक व्होल्टेजला करंटने भागलं की तेच चित्र ओहममध्ये मिळतं. आडवी बाजू R, उभी बाजू XL − XC, आणि तिरपी बाजू म्हणजे इम्पीडन्स Z.

```
XL − XC = 62.8 − 31.8 = 31 Ω
Z = √(40² + 31²) = √2561 = 50.6 Ω
I = 100 / 50.6 = 1.98 A
```

या करंटने R, XL, XC ला गुणलं की सुरुवातीचे तिन्ही व्होल्टेज येतात, करून बघा.

फेज अँगल

```
tan φ = (XL − XC)/R = 31/40 = 0.775
φ = 37.8°
```

कॅल्क्युलेटरवर उत्तर 0.66 आलं तर तो रेडियन मोडमध्ये आहे, डिग्रीवर घ्या. अँगल प्लस आलाय म्हणजे XL मोठा, सप्लाय व्होल्टेज पुढे आणि करंट मागे, यालाच लॅगिंग म्हणतात. 50 Hz ला पूर्ण सायकल 20 मिलिसेकंदांची, म्हणजे 37.8 अंश म्हणजे साधारण 2.1 मिलिसेकंद. स्कोपवर रेझिस्टरचं व्होल्टेज आणि सप्लाय एकत्र लावले तर दोन लाटांमध्ये एवढंच अंतर दिसायला हवं.

उत्तराची खात्री स्केलपट्टीनेही करता येते आणि मला ती पद्धत फार आवडते कारण चूक लगेच डोळ्यांना दिसते. 1 सेंटीमीटर = 20 व्होल्ट घ्या. VR उजवीकडे 3.95 सेंमी, त्याच्या टोकापासून वर 6.2 सेंमी, तिथून परत खाली 3.1 सेंमी. सुरुवातीच्या बिंदूपासून शेवटच्या टोकापर्यंत रेघ मारून मोजा: 5 सेंमी भरली पाहिजे, म्हणजे 100 व्होल्ट, आणि कोनमापकावर जवळपास 38 अंश. पाचच्या बरीच जास्त भरली तर बहुतेक VC खाली घ्यायचा राहिलाय.

प्रत्यक्ष जोडणीत आकडे का जुळत नाहीत

मुख्य कारण कॉइलची तार. तिला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे खऱ्या कॉइलचं व्होल्टेज सरळ वर नसतं, थोडं उजवीकडे झुकलेलं असतं. सर्किट बंद करून, कॉइल सुटी काढून ओहममीटरने मोजा. समजा 8 Ω निघाला तर तो R मध्ये मिळवा: आता 48 Ω, मग Z = 57.1 Ω आणि अँगल 32.9°. म्हणजे 8 ओहमने अँगल जवळजवळ 5 अंशांनी कमी केला.

जोडणी करणार असाल तर साधा प्लस-मायनस वाला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर एसीवर लावू नका, तो गरम होऊन फुटू शकतो, नॉन-पोलर घ्या. आणि 100 व्होल्टची गरजच नाही, ट्रान्सफॉर्मरचे 10 व्होल्ट वापरा, सगळी व्होल्टेज दहावा हिस्सा होतील पण Z आणि अँगल तेच राहतील.

फ्रिक्वेन्सी बदलली की चित्र उलटतं

हेच सर्किट 25 Hz वर चालवलं तर XL निम्मा होऊन 31.4 Ω आणि XC दुप्पट, 63.7 Ω. उभी बाजू आता −32.3 Ω, त्रिकोण खाली वळतो, अँगल मायनस 38.9°, करंट व्होल्टेजच्या पुढे. Z मात्र 51.4 Ω, आधीच्या जवळपासच, म्हणून नुसता Z सांगून भागत नाही, अँगल चिन्हासकट लिहावा लागतो. मध्ये साधारण 35.6 Hz ला XL आणि XC दोन्ही 44.7 Ω होतात, उभी बाजू शून्य, Z फक्त 40 Ω आणि करंट 2.5 A. तेव्हा कॉइल आणि कॅपॅसिटर दोघांवरही सुमारे 112 व्होल्ट असतात, आणि 25 Hz ला तर कॅपॅसिटरवर सुमारे 124, म्हणून त्याचं व्होल्टेज रेटिंग सप्लायवरून नाही तर त्याच्यावर येणाऱ्या जास्तीत जास्त व्होल्टेजवरून निवडायचं, आणि रेटिंग एसीचं आहे ना तेही बघायचं.