ओठावर ताप फुटताना मलम लावण्यात होणाऱ्या या चुका टाळा

ओठावर ताप फुटला की आमच्या सोलापुरात त्यावर तूप, हळद, चुना, क्वचित टूथपेस्टही लावली जाते आणि हे सगळे करून झाल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी, माणूस औषधाच्या दुकानात येतो. गेली कित्येक वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून मी हाच क्रम पाहत आलो आहे. तोपर्यंत फोड फुटून खपली धरलेली असते आणि ज्या ॲसायक्लोव्हिरच्या मलमासाठी ते आलेले असतात, त्याच्या उपयोगाची वेळ जवळजवळ निघून गेलेली असते.

असे का होते, हे ताप फुटण्यामागच्या विषाणूच्या वागण्यावरून कळते. हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू एकदा शरीरात आला की जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत तो निजून राहतो. कडक ऊन, ताप, जागरण, मासिक पाळी किंवा मनावरचा ताण यांपैकी एखाद्या कारणाने तो जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने ओठाच्या कडेपर्यंत येतो. ओठाच्या एकाच ठिकाणी मुंग्या येणे, चुरचुरणे, खाजणे, कातडी ताणल्यासारखी वाटणे ही त्याच्या येण्याची चाहूल असते. आरशात तेव्हा काहीच दिसत नाही, मात्र आत विषाणूची वाढ जोरात सुरू झालेली असते. ॲसायक्लोव्हिरचे मलम विषाणूला मारत नाही, त्याची नवी प्रत तयार होऊ देत नाही; म्हणून प्रती तयार होऊन गेल्यावर लावलेल्या मलमाला करण्यासारखे फारसे उरत नाही.

त्यामुळे पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘अजून काही दिसत नाही, दिसले की लावू’ असे म्हणणे. होटगी रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या आणि शालेय गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका ताईंचे उदाहरण सांगतो. मार्चमध्ये एका सोमवारी सकाळी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या त्यांच्या खालच्या ओठाची डावी कड चुरचुरू लागली. मंगळवारी फोडांचा पुंजका आला, बुधवारी त्यांनी ट्यूब नेली आणि ‘दिवसातून दोनदा लावते’ असे स्वतःच ठरवून टाकले. सगळे सुकून कातडी नीट व्हायला नऊ दिवस लागले, अशी त्यांची तक्रार होती आणि तिचा रोख माझ्या मलमावर होता.

मे महिन्यात, गणवेशांची घाई आणि बाहेर रणरणते ऊन असताना, ओठाच्या नेमक्या त्याच जागी सकाळी दहाच्या सुमारास तीच चुरचुर सुरू झाली. या वेळी ट्यूब पर्समध्ये होती. त्यांनी हात धुऊन लगेच पहिला थर लावला, मग दुपारी दोनला, सायंकाळी सहाला आणि रात्री दहाला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी 7, 11, दुपारी 3, सायंकाळी 7 आणि रात्री 11 असे पाच वेळा त्यांनी ठरवून लावले. फोड या वेळीही आले, पण कमी आले आणि सातव्या दिवशी ओठ स्वच्छ झाला. एका व्यक्तीच्या दोन वेळच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांनाही सांगितले. या मलमाने दुखणे सरासरीने अर्धा ते एक दिवस लवकर आटोपते, एवढीच अपेक्षा ठेवणे रास्त आहे. रात्रीतून फोड नाहीसा होईल असे कोणी म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी चूक वेळापत्रकाची. ॲसायक्लोव्हिर 5 टक्के हे मलम जागेपणी साधारण दर चार तासांनी, दिवसातून पाच वेळा लावायचे असते. दोन वेळा जाड थर लावला म्हणजे पाच वेळांची भरपाई होत नाही, कारण कातडीत औषधाचे प्रमाण टिकवण्यासाठी थराच्या जाडीपेक्षा दोन वेळांमधले अंतर महत्त्वाचे असते. उलट दहा वेळा लावल्याने फायदा वाढत नाही. ओठ कोरडा पडतो, सोलतो आणि आग होते, मग तीच आग रोगाची समजून लोक आणखी मलम फासतात. रात्री त्यासाठी उठण्याची गरज नसते. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर लावावे आणि पुढे नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. चार ते पाच दिवस, म्हणजे वेष्टनावर दिले असेल तितके दिवस, नियम पाळावा. दुसऱ्याच दिवशी चुरचुर थांबली म्हणून सोडू नये. हे सगळे ॲसायक्लोव्हिरच्या मलमाबद्दल आहे, कारण पेन्सिक्लोव्हिरचे मलम जागेपणी दर दोन तासांनी लावायचे असते. एका औषधाचे वेळापत्रक दुसऱ्याला लावू नये.

लावण्याच्या पद्धतीतही गफलत होते. मलम चोळायचे नसते. स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या काडीने चुरचुरणारी जागा आणि तिच्या भोवतीची थोडी कड झाकली जाईल एवढाच पातळ थर हलक्या हाताने टिपावा. जेवायला बसण्याच्या आधी लावले तर भाकरीच्या पहिल्या चार घासांतच ते पोटात जाते, म्हणून जेवण, चहा आणि तोंड धुणे आटोपल्यावर लावावे. लिपस्टिक किंवा लिप बाम त्यावर लगेच फिरवू नये, कारण मलम पुसले जाते आणि विषाणू त्या कांडीलाही लागतो. हात आधी धुवावेत आणि नंतरही. विशेषतः कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

सर्वांत घातक गोंधळ मात्र चुकीच्या ट्यूबचा. खाज, गजकर्ण, पुरळ अशा प्रत्येक तक्रारीवर घरोघरी एक मिश्र मलम ठेवलेले असते, ज्यात बहुधा स्टेरॉईड असते. ते तापाच्या फोडावर लावले तर लाली आणि खाज आधी कमी वाटते, पण स्थानिक प्रतिकार दबल्याने विषाणूला मोकळे रान मिळते आणि फोड पसरू शकतात. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे नाव दिसले, तर ती ओठापासून दूर ठेवावी. तसेच डोळ्यांसाठी मिळणारे ॲसायक्लोव्हिर 3 टक्के हे वेगळे औषध आहे. ते ओठाला पुरेसे समजू नये आणि ओठाचे मलम चुकूनही डोळ्यात घालू नये. तोंडाच्या आत, जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूस आलेले छाले बहुधा निराळ्या कारणाचे असतात, तेथे हे मलम लावायचे नसते. ओठांचे दोन्ही कोपरे एकाच वेळी चिरले असतील, तर तेही बहुतेक वेळा वेगळेच दुखणे असते.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी एक खास सूचना. स्कूटरच्या डिकीत ट्यूब ठेवून दिवसभर ऊन खाऊ दिले तर मलमातले पाणी आणि तेल वेगळे होते. ट्यूब दाबल्यावर आधी पाणचट द्रव येतो आणि मागून घट्ट गोळा. अशी ट्यूब टाकून द्यावी. घरातील थंड, सावलीच्या कप्प्यात ती ठेवावी, फ्रीझरमध्ये नव्हे.

दहा दिवसांत बरे न होणारा फोड, वर्षातून सहापेक्षा अधिक वेळा फुटणारा ताप, डोळ्यात लाली, दुखणे किंवा पाणी येणे आणि केमोथेरपी, स्टेरॉईडच्या गोळ्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यासाठी मलमावर दिवस घालवू नयेत. डॉक्टर गोळ्या देऊ शकतात आणि त्याही चुरचुरीच्या वेळीच सुरू केलेल्या बऱ्या. डोळ्याचे लक्षण असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. घरात तान्हे बाळ असेल तर खपली पूर्ण गळेपर्यंत त्याचा पापा घेऊ नये, कारण जो विषाणू आपल्या ओठावर आठवडाभर त्रास देतो, तो नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो.