निवृत्तीच्या दिवशी स्वतःचं कॅप्शन लिहिताना या चुका टाळा

३१ मेच्या संध्याकाळी महाराष्ट्रात कुणाचंही फेसबुक उघडा, निवृत्तीच्या पोस्टची रांग लागलेली दिसते. त्याचं कारण शाळेच्या दाखल्यात आहे. एका पिढीच्या मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, हा सरकारी नियम. त्यामुळे शिक्षक, तलाठी, परिचारिका, एसटीचे चालक-वाहक अशी कितीतरी माणसं एकाच दिवशी घरी येतात आणि एकाच संध्याकाळी लिहायला बसतात. मजकूरही जवळपास एकच असतो. नाव झाकलं तर ही पोस्ट मुख्याध्यापकांची की लाइनमनची, हे सांगता येणार नाही.

एक उदाहरण घेऊन सगळं पाहू. सातारा जिल्ह्यातल्या एका आगारातले एसटीचे वाहक, जुलै १९९० मध्ये नोकरीला लागलेले आणि ३१ मे २०२५ ला वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले. गळ्यात हार, हातात श्रीफळ, मागे गाडी आणि शेजारी चालक, असा फोटो त्यांनी निवडला होता. त्याखाली टाकायला लिहिलेला पहिला मजकूर असा:

"आज दि. ३१ मे २०२५ रोजी नियत वयोमानानुसार मी ३५ वर्षांच्या प्रदीर्घ, अखंड व निष्कलंक सेवेनंतर सेवानिवृत्त होत आहे. या प्रवासात ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य केले त्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींचा मी ऋणी आहे. आता आयुष्याची दुसरी इनिंग निवांतपणे खेळणार. आपले आशीर्वाद असेच राहू द्यावेत."

व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. तरीही हा माणूस यात कुठेच दिसत नाही, आणि का दिसत नाही ते ओळीओळीने सांगता येतं.

कार्यालयाच्या भाषेत स्वतःबद्दल बोलणं

"नियत वयोमानानुसार" हे शब्द आदेशात असतात, कारण आदेशाला स्वेच्छानिवृत्ती आणि वयानुसार निवृत्ती यांत फरक करावा लागतो. कॅप्शन वाचणाऱ्या भाच्याला आणि जुन्या शेजाऱ्याला त्याची गरज नसते. "प्रदीर्घ" आणि "निष्कलंक" हे निरोप समारंभातल्या वक्त्यांचे शब्द आहेत. दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरले तर शोभतात, स्वतःच्या तोंडी अवघडल्यासारखे वाटतात. "अखंड" तर जपूनच लिहावा. एसटीत २०२१-२२ चा लांबलेला संप सगळ्यांना आठवतो, आणि पोस्ट वाचणाऱ्यांत आगारातले सहकारीही असतात.

यातून बाहेर पडायचा सोपा उपाय म्हणजे लिहिण्याआधी एखाद्या जवळच्या माणसाला फोनवर सांगतो तसं सांगून पाहणं. या काकांना मुलीने विचारलं, "बाबा, उद्या सकाळी नक्की काय वेगळं होणार?" ते म्हणाले, "साडेपाचच्या गाडीला डबल बेल दुसरं कुणीतरी देईल." कॅप्शनचं पहिलं वाक्य तेच झालं. डबल बेल म्हणजे गाडी सोडायचा इशारा. एसटीने फिरलेल्या प्रत्येकाच्या कानात तो बसलेला आहे, समजावून सांगावा लागत नाही.

पहिलं वाक्य असं थेट असण्याला आणखी एक कारण आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे लांब मजकूर सुरुवातीच्या ओळींनंतर दुमडला जातो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. ती मोजकी जागा तारीख, खातं आणि पदनाम यांतच गेली तर बरेच लोक फोटोला अंगठा देऊन पुढे सरकतात. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला एकूण २,२०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो.

सगळ्यांचे आभार मानायच्या नादात कुणाचेच न मानणं

माझ्या मते सगळ्यात जास्त कॅप्शनं इथे फसतात. कुणी राहून जाऊ नये या भीतीने माणूस "ज्ञात-अज्ञात" लिहितो, नाहीतर उलट टोकाला जाऊन वीस-पंचवीस नावांची यादी देतो. यादीत एकविसावा कुणीतरी सुटतोच आणि त्याला ते लागतं. "ज्ञात-अज्ञात" मध्ये तर आपण आहोत असं कुणालाच वाटत नाही.

आभार माणसाचे मानण्यापेक्षा त्याने केलेल्या कामाचे मानावेत. काकांनी बरीच वर्षं मुक्कामी गाडी केली. ही गाडी रात्री शेवटच्या गावी पोचते, तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. चालक-वाहक गाडीतच नाहीतर देवळात झोपतात. अशा गावांत रात्री उशिरा पोचल्यावरही कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण यायचं. त्या घरांतल्या कितीतरी माणसांची नावं त्यांना कधी कळलीच नाहीत. "मुक्कामाच्या गावांत रात्री उशिरा पोचलो तरी ज्या घरांतून गरम भाकरी आली, त्या घरांचा मी ऋणी आहे" असं लिहिलं की नावाशिवाय ती सगळी घरं त्यात येतात, आणि त्या गावांतला कुणी वाचेल तर त्याला कळतं की हे आपल्याबद्दल आहे.

घरच्यांबद्दलही तसंच. "पत्नीची मोलाची साथ लाभली" हे वाक्य प्रत्येक निरोप समारंभात ऐकू येतं. पहाटेच्या ड्युटीला काकू त्यांच्याआधी उठून डबा भरत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. लिहायचं ते हेच.

आभारात तक्रार मिसळू देऊ नका, हेही सांगायला हवं. "अनेकांनी त्रास दिला, तरी मी सर्वांना माफ केलं" अशी ओळ लिहिली की खालच्या प्रतिक्रिया त्रास कुणी दिला यावरच घसरतात. थकलेली देणी, रखडलेली बढती हे प्रश्न खरेच असतात. त्यांच्यासाठी अर्ज करावा, संघटनेकडे जावं, हवी तर वेगळी पोस्ट लिहावी. या फोटोखाली नको.

"आता निवांत" एवढ्यावर थांबणं

निवांत सकाळ प्रत्येकाची वेगळी असते, ती कोणत्या गोष्टीतून सुटका झाल्यामुळे निवांत झाली यावरून. शिक्षिकेला प्रार्थनेची घंटा नसते, परिचारिकेला रात्रपाळी संपवून उन्हात घरी यावं लागत नाही. "दुसरी इनिंग" म्हटलं की यातलं काहीच उरत नाही. वर त्यात पुन्हा धावपळ आणि धावफलक आलाच, आणि आपल्याला तर सावकाश उठायचं आहे.

काकांना विचारलं की सकाळी करणार काय, तेव्हा आधी त्यांनी योग, वाचन, समाजकार्य अशी यादी दिली. निवृत्तीच्या दिवशी अशा याद्या सगळेच देतात. मग जरा थांबून म्हणाले, "उद्या चहा मी करणार. हिला उठवणार नाही." एवढं एकच वाक्य कॅप्शनमध्ये घेतलं. त्यात सावकाश सकाळही आली आणि आभारही पुरे झाले. महिन्याभरात करायच्या दहा गोष्टींपेक्षा उद्याची एक गोष्ट लिहा.

वर्षांचा हिशेब

जुलै १९९० ते मे २०२५ म्हणजे ३५ ला महिना-दोन महिने कमी. कॅप्शनमध्ये "३५ वर्षं" म्हणायला हरकत नाही, बोलताना आपण तसंच म्हणतो. मात्र "३५ वर्षं पूर्ण" लिहू नका, तुमच्याबरोबर त्याच तुकडीत लागलेले लोक ते लगेच मोजतात. आणि दाखल्यावर १ जून असेल तर "आज वाढदिवस आणि निवृत्ती एकाच दिवशी" असं ३१ मेला लिहू नका. कागदावरचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी असतो. एसटीच्या माणसाला तर ही तारीख आणखी जवळची, कारण पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि वर्धापनदिन त्याच दिवशी असतो. काकांना हे कॅप्शनमध्ये घालायचं होतं. मी नको म्हटलं. माहिती चांगली आहे, पण ती महामंडळाची, या फोटोतल्या माणसाची नाही.

फोटोत जे दिसतं तेच पुन्हा सांगणं, आणि जे दिसू नये ते दाखवणं

हार, श्रीफळ, शाल आणि गाडी फोटोत आहेतच. "सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला" हे वाक्य त्यामुळे गाळता येतं. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे भाकरी, डबा आणि उद्याचा चहा. कॅप्शन त्यांच्यासाठी ठेवा.

दुसरा भाग गंभीर आहे. आनंदाच्या भरात लोक सेवा प्रमाणपत्र, पेन्शनचा आदेश, कधी धनादेशसुद्धा फोटोत दाखवतात. त्यावर कर्मचारी क्रमांक, पेन्शनचा क्रमांक, जन्मतारीख, बँकेचं नाव असतं. निवृत्त माणसाच्या हाती एकरकमी पैसे आलेले असतात हे ठगांना माहीत असतं. हेच तपशील वाचून दाखवत "पेन्शन कार्यालयातून बोलतोय, हयातीचा दाखला अद्ययावत करायचा आहे, ओटीपी सांगा" असे फोन येतात, आणि तपशील बरोबर असल्यामुळे समोरच्यावर विश्वास बसतो. कागद कितीही मानाचा असला तरी घरात लावा. फोटोत आलाच असेल तर तेवढा भाग कापून टाका. पुढच्या महिन्यात काशीला जाणार असाल तर तारखाही लिहू नका, परत आल्यावर फोटो टाका.

काकांचं कॅप्शन शेवटी असं झालं:

"उद्या पहाटे साडेपाचच्या गाडीला डबल बेल दुसरं कुणीतरी देईल. ३५ वर्षं हे काम केलं, मनापासून केलं. मुक्कामाच्या गावांत रात्री उशिरा पोचलो तरी ज्या घरांतून गरम भाकरी आली, त्या घरांचा मी ऋणी आहे. माझ्याबरोबर गाडी चालवणाऱ्या प्रत्येक चालकाने मला सुखरूप घरी आणलं. पहाटेच्या ड्युटीला माझ्याआधी उठून हिने डबा भरला. उद्या चहा मी करणार, हिला उठवणार नाही. घरी जरूर या, फक्त आठनंतर या."

चालकांची ओळ त्यांनी स्वतःहून घातली. फोटोत शेजारी चालक उभा आहे आणि त्याच्याबद्दल एक शब्द नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं.

पाठवण्याआधी घरातल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. गावाचं नाव चुकलंय, की काकूंना "डबा" चारचौघांत नको वाटतोय, हे तेव्हाच कळतं, आणि नको म्हटलं तर ते वाक्य काढा. फेसबुकवरची पोस्ट नंतरही दुरुस्त करता येते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर मात्र १५ मिनिटांतच बदलता येतो आणि स्टेटस २४ तासांत निघून जातं. म्हणून आधी फेसबुकवर टाका, प्रतिक्रिया येऊ द्या, चूक राहिली असेल तर ती सुधारा आणि मग तोच मजकूर आगाराच्या आणि घरच्या ग्रुपवर पाठवा.