विश्वस्तांच्या अहवालातले चार्ट: कोणते ठेवायचे, कोणते काढायचे (या चुका टाळा)

सहामाही सभेला बसलेल्या विश्वस्तांना अंदाजपत्रकाच्या अहवालातून तीन गोष्टी कळायला हव्या असतात. खर्च ठरल्याप्रमाणे चाललाय का, नसेल तर कुठल्या खात्यात बिघडलंय, आणि मार्चपर्यंत पैसे पुरतील का. यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर न देणारा चार्ट काढून टाकावा, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

उदाहरणादाखल परळमध्ये अभ्यासिका आणि बालवाडी चालवणारा एक ट्रस्ट धरू. वर्षाचं अंदाजपत्रक ४८ लाखांचं आणि अहवाल सप्टेंबरअखेरचा. आकडे लाख रुपयांत:

| खातं | वर्षाचं अंदाजपत्रक | सप्टेंबरपर्यंत ठरलेला खर्च | प्रत्यक्ष खर्च | तफावत |
|---|---|---|---|---|
| पगार व बोनस | २६.०० | १२.०० | १२.१० | +०.१० |
| शिष्यवृत्त्या | ८.०० | ७.५० | ७.४० | −०.१० |
| भाडं व देखभाल | ६.०० | ३.०० | ३.०० | ० |
| दुरुस्ती | ३.०० | १.०० | २.२० | +१.२० |
| वीज | २.४० | १.४० | १.४८ | +०.०८ |
| पुस्तकं | २.०० | १.०० | ०.६० | −०.४० |
| छपाई व स्टेशनरी | ०.६० | ०.३० | ०.४८ | +०.१८ |
| एकूण | ४८.०० | २६.२० | २७.२६ | +१.०६ |

चूक पहिली: वर्षाचे बारा सारखे तुकडे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अंदाजपत्रकाला बाराने भागून एक सरळ रेषा काढली जाते आणि तिच्यावर प्रत्यक्ष खर्च चढवला जातो. त्या हिशेबाने सप्टेंबरपर्यंत २४ लाख खर्च व्हायला हवा होता आणि झाला २७.२६ लाख. म्हणजे सव्वातीन लाखांचा जादा खर्च. सभेतला पुढचा अर्धा तास यावरच जातो, आणि ही चिंता बरीचशी खोटी असते. शिष्यवृत्त्या जून-जुलैमध्ये, शाळा-कॉलेजं सुरू होताना दिल्या जातात. आठपैकी साडेसात लाख तेव्हाच जाणार हे आधीच ठरलेलं होतं. उलट दिवाळीचा दोन लाखांचा बोनस अजून द्यायचाच आहे, तो सरळ रेषेने बारा महिन्यांवर पसरून टाकला.

उपाय चार्टमध्ये नाही, तक्त्यात आहे. वर्ष सुरू होण्याआधी खजिनदार आणि हिशेबनिसाने प्रत्येक खात्यापुढे बारा महिन्यांचे रकाने आखून कुठला पैसा कधी जाणार ते लिहून ठेवावं: वॉटरप्रूफिंग मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, विजेचं बिल एप्रिल-मे-जूनला जड, बोनस दिवाळीच्या महिन्यात. या रकान्यांची चढती बेरीज म्हणजे खरी ‘ठरलेली’ रेषा. ती मार्चपर्यंत पूर्ण दाखवावी, प्रत्यक्ष खर्चाची रेषा सप्टेंबरला थांबवावी. जूनमध्ये दोन्ही रेषा एकत्र उसळलेल्या दिसल्या की कोणी दचकत नाही. उरतो तो १.०६ लाखांचा फरक, आणि चर्चा त्याच्यावरच व्हायला हवी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका चार्टमध्ये मिळतं.

खात्यांची नावं मात्र अंदाजपत्रकातलीच ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३१अ प्रमाणे ठरावीक मर्यादेवर उत्पन्न असलेल्या न्यासाला हिशेबी वर्षाच्या किमान एक महिना आधी अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे द्यावं लागतं. तिथे ‘दुरुस्ती’ लिहून अहवालात ‘इमारत विकास’ म्हटलं, तर विश्वस्तांना ताळा लावता येत नाही.

चूक दुसरी: खर्चाचा पाय चार्ट

पाय चार्ट सांगतो की झालेल्या खर्चात पगाराचा वाटा ४४ टक्के आहे. तो तर दरवर्षीच तेवढा असतो. दुरुस्ती ठरल्यापेक्षा दुप्पट झाली, ही एकच महत्त्वाची बातमी, आणि ती त्यात दिसतच नाही, कारण पाय चार्टला अंदाजपत्रक माहीत नसतं. शेजारी अंदाजपत्रकाचा दुसरा पाय ठेवला तरी दोन वर्तुळांतल्या बारीक फाकी डोळ्यांनी ताडता येत नाहीत. थ्रीडीमध्ये तर पुढची फाक तिच्या आकड्यापेक्षा मोठी भासते. देणगीदारांच्या पत्रकात पाय चार्ट चालेल, विश्वस्तांच्या अहवालात नको.

ठरलेला आणि झालेला खर्च असे जोडीचे बार बरे, पण पगाराचा बारा लाखांचा बार आला की स्टेशनरीचा दिसेनासा होतो. म्हणून फक्त तफावतीचे आडवे बार काढा: मध्ये शून्य, जादा खर्च उजवीकडे, कमी खर्च डावीकडे, मोठ्या फरकापासून लहान फरकापर्यंत. दुरुस्ती सरळ वर येते. तिच्यापुढे एक ओळीचं कारण लिहा. पुस्तकांची ०.४० लाखांची बचतही तपासा. ती बहुतेक वेळा खरेदी लांबल्याने दिसते आणि जानेवारीत खर्च म्हणून परत येते.

हे बार टक्क्यांत काढायचा मोह टाळा. टक्क्यांत स्टेशनरी ६० टक्के जादा दिसते आणि पगार एक टक्काही नाही. प्रत्यक्षात स्टेशनरीचे १८ हजार आणि पगाराचे १० हजार, दोन्ही रकमा सभेचा वेळ घेण्याजोग्या नाहीत.

चूक तिसरी: शिल्लक एकाच बारमध्ये

समजा बँकेत आणि ठेवींत मिळून ३१ लाख आहेत. एकच उंच बार दाखवला की विश्वस्त निर्धास्त होतात. पण त्यातले १८ लाख कायम निधीच्या मुदत ठेवी आणि ७ लाख एका विशिष्ट कामासाठी मिळालेला सीएसआर निधी. रोजच्या खर्चाला उरतात ६ लाख. ऑक्टोबरमध्ये पगार, बोनस, भाडं, वीज धरून साधारण पावणेपाच लाख जातील. नवीन देणगी आली नाही तर नोव्हेंबरच्या मध्यावर हात आखडेल. तीन तुकड्यांची एकच आडवी पट्टी काढा, प्रत्येक तुकड्यावर रक्कम लिहा आणि मोकळ्या पैशाखाली ‘नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत’ असं स्पष्ट लिहा.

एक्सेलमध्ये हमखास अडणाऱ्या जागा

आकडे एकमेकांच्या जवळचे असले की एक्सेल बारचा अक्ष स्वतःच शून्याऐवजी वरून सुरू करतो आणि किरकोळ फरक डोंगराएवढा दिसतो. `Format Axis` मध्ये `Minimum` ला 0 लिहा. तफावतीच्या चार्टमध्ये डावीकडचे बार खात्यांच्या नावांवर चढतात. `Label Position` ला `Low` निवडा. आडव्या बारचा क्रम तक्त्याच्या उलटा येतो, तो `Categories in reverse order` ने सुलटा होतो.

अक्षाच्या `Display units` मध्ये लाख या नावाने नाहीत, `100000` म्हणून आहेत. ते निवडा, नाहीतर शेजारच्या रकान्यात रकमेला १,००,००० ने भागा आणि चार्ट त्यावर काढा. तक्त्यात पूर्ण रुपये हवे असतील तर हा फॉरमॅट वापरा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

ऋण आकड्यांना तो लाखाचा स्वल्पविराम देत नाही, त्यामुळे तफावतीचा रकाना लाखांतच ठेवा.

अहवालाची झेरॉक्स निघणार हे गृहीत धरा. लाल आणि हिरवा रंग त्यात सारखाच करडा उमटतो. ठरलेला खर्च तुटक रेषेने, झालेला ठळक रेषेने. जादा खर्चाचा बार भरीव, कमी खर्चाचा पोकळ. पाठवण्याआधी तफावतीच्या सगळ्या बारांची बेरीज करून पाहा. ती रेषांच्या चार्टमधल्या सप्टेंबरच्या फरकाएवढी, इथे १.०६ लाख, आली नाही तर एखादं खातं सुटलंय किंवा दोनदा धरलं गेलंय.